हप्ता रुपयांत, हिशोब टनांत

वडगाव निंबाळकरच्या शिवारात नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावर ऊस आणि उसाच्या बिलावर कर्जाचे हप्ते, असंच आमचं वर्ष फिरतं. 2019-20 च्या हंगामात आम्ही ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं. 6 लाख रुपये, 12 टक्के कायम व्याज, वर्षाला एक याप्रमाणे पाच समान हप्ते. ते आता फिटलं आहे. त्यातून जे समजलं ते लिहितो.

1. महागाई वजा करायची ती आपल्या मालाची.

हप्ता होता साधारण 1 लाख 66 हजार 450 रुपयांचा. पाच वर्षांत मिळून 8 लाख 32 हजार भरले, म्हणजे व्याज 2 लाख 32 हजार. त्या पाच वर्षांत देशातली किरकोळ महागाई सरासरी साडेपाच-पावणेसहा टक्के होती. ती 12 मधून काढली की खरं व्याज सहा टक्क्यांच्या आसपास येतं. बँकेतला माणूसही हेच सांगतो आणि गणित म्हणून ते बरोबर आहे.

पण मी हप्ता भरतो उसावर. म्हणून तोच हिशोब एफआरपीच्या मूळ दराने टनांत मांडला. कर्ज घेतलं तेव्हा दर टनाला 2750 होता, म्हणजे हातात आला 218 टन उसाचा पैसा. पुढे दर 2850, 2900, 3050, 3150 आणि 3400 असे होत गेले. पहिल्या हप्त्याला 58 टनांहून थोडा जास्त ऊस लागला, शेवटच्याला 49. एकूण गेला 272 टन. घेतल्यापेक्षा 54 टन जास्त, म्हणजे आमच्याकडच्या बऱ्यापैकी एका एकराचा ऊस. यातून खरं व्याज निघतं सुमारे आठ टक्के. बाजारात तेल, डाळ, मजुरी ज्या वेगाने चढली, त्या वेगाने उसाचा दर चढला नाही. दोन टक्क्यांचा फरक तिथून आला.

शिवाय 2022-23 पासून मूळ दरासाठीचा उतारा 10 वरून 10.25 टक्के केला गेला. त्यामुळे तेवढ्याच उताऱ्याच्या उसाला मिळालेली वाढ कागदावरच्या वाढीपेक्षा कमीच आहे.

2. पहिले दोन हप्ते खरे जड.

आकडा पाचही वर्षं एकच असतो, पण ओझं सारखं नसतं. महागाईचा फायदा कर्जदाराला मिळतो तो शेवटी शेवटी. सुरुवातीला दर जेमतेम हललेला असतो. म्हणून ज्या वर्षी लागण नवीन आहे किंवा पाण्याची खात्री नाही, त्या वर्षी पहिला हप्ता येईल असं कर्ज घेऊ नये. आणि टनाचा दर वाढला तरी एकरी टन घटले, तर त्या वाढीचा काही उपयोग होत नाही.

3. ‘फ्लॅट’ व्याजातून महागाई वजा करू नका.

‘आठ टक्के फ्लॅट’ ऐकलं की लोक मनात सहा वजा करतात आणि कर्ज दोन टक्क्यांत पडलं असं धरतात. माझ्याच 6 लाखांवर बघा. आठ टक्के फ्लॅटने पाच वर्षांचं व्याज 2 लाख 40 हजार, वार्षिक हप्ता 1 लाख 68 हजार. म्हणजे माझ्या 12 टक्क्यांच्या हप्त्यापेक्षाही जास्त! कारण मुद्दल फिटत जातं, तरी व्याज पूर्ण 6 लाखांवरच लागत राहतं. तोच हप्ता महिन्याला असेल तर आठचे खरे सुमारे चौदा टक्के होतात. आधी घटत्या शिलकीवरचा दर विचारा, महागाई नंतर.

4. महागाई उतरली की कायम दर महाग पडतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई अर्ध्या टक्क्याच्याही खाली आली. त्याच वर्षी फेब्रुवारी ते जून रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आणला. बदलत्या दराच्या कर्जदारांना त्याने दिलासा मिळाला. 12 टक्के कायम दराच्या माणसाचे बाराचे बाराच राहिले आणि वजा करायला काही उरलं नाही.

5. सोसायटीचं पीककर्ज आधी.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात शून्य टक्क्याने पडतं. 2023-24 ला महागाई 5.4 टक्के होती. वर्षाने परत केलेल्या 3 लाखांची किंमत घेतानाच्या पैशांत सुमारे 2 लाख 85 हजारच होती. एवढं स्वस्त कर्ज दुसरीकडे कुठेच मिळत नाही. पण मुदत चुकली की ही सवलत गेली. म्हणून बिल आलं की कोणताही दुसरा हप्ता भरण्याआधी सोसायटीचं भरा, आणि नव्या कर्जावर सही करण्याआधी हप्त्याला यंदाच्या ऊसदराने भागून किती टन जाणार ते कागदावर लिहून बघा.