रात्रीत दीड जीबी गेला कुठे?

प्रश्न : माझा रोजचा पॅक 1.5 जीबीचा. परवा रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी 7 वाजता मंडीतला केळीचा भाव बघायला व्हॉट्सॲप उघडलं, तर फोटो काही उघडेना. दिवसाचा डेटा संपल्याचा मेसेज आधीच येऊन पडला होता. फोनला कुणी हातही लावला नव्हता, मग डेटा गेला कुठे?
– एक केळी उत्पादक, बुऱ्हाणपूर

उत्तर : हात लावला नव्हता, म्हणूनच गेला. फोन चार्जिंगला आहे आणि स्क्रीन बंद आहे, अशीच वेळ साधून ॲप्स आपली जड कामं उरकतात. त्यात रोजचा कोटा बहुतेक पॅकमध्ये रात्री 12 ला नव्यानं मिळतो, म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना.

परवा फोनवर बोलताना तुम्ही सेटिंग्जमधली App data usage ही यादी उघडलीत. सगळ्यात वर फोटो साठवणारं ॲप होतं, 1.3 जीबी. त्यावर बोट ठेवल्यावर Foreground च्या पुढे जेमतेम 8 एमबी, बाकी सगळं Background. मग तुम्हाला आठवलं, रावेरला भाचीच्या हळदीत 11 मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. फुल एचडीत मिनिटाला साधारण 120 एमबी होतात. हिशेब तिथेच जुळला. कोटा संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर येतो, तेव्हा एक एमबीचा फोटो यायलाही दोन मिनिटं लागतात. भाव अडकला तो असा.

आधी त्या ॲपच्या बॅकअपमध्ये मोबाइल डेटा बंद करा. मग Settings मध्ये Network & internet खाली Data Saver चालू करा. काही फोनमध्ये हे दुसरीकडे असतं, तेव्हा वरच्या शोधपट्टीत हेच नाव टाका. आता समोर उघडी नसलेली ॲप्स मोबाइल डेटा वापरू शकणार नाहीत. पण मेसेज उशिरा येऊ शकतात, म्हणून तिथल्याच Unrestricted data मध्ये व्हॉट्सॲपला सूट द्या. सूट एक-दोघांनाच द्या, नाहीतर सेव्हर असून नसल्यासारखा.

तुम्ही स्वतः बघत बसलेला व्हिडिओ सेव्हर थांबवत नाही. शिवाय तो चालू असताना तुमचा हॉटस्पॉट सहसा सुरू होत नाही; मुलाला नेट द्यायचं तर तेवढ्यापुरता सेव्हर बंद करावा लागेल.

एक फसगत मात्र नेहमी होते. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर जोडलात की तुमच्या फोनला ते वाय-फायच दिसतं, आणि ‘फक्त वाय-फायवर’ म्हणून थोपवलेले बॅकअप त्या बिचाऱ्याच्या पॅकवर धावू शकतात. त्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन Metered निवडा.

आज झोपताना यादीतला एकूण आकडा कागदावर लिहा आणि सकाळी पुन्हा बघा. फरक काही एमबींचाच असेल तर काम झालं. शेकड्यांत असेल, तर Background मध्ये आता कोणतं नाव वर आलंय ते कळवा.