छातीच्या फोटोतला पांढरा डाग

आपण मराठीत सहज म्हणतो, ‘छातीचा फोटो काढून आणा’. निम्मा घोटाळा या ‘फोटो’ शब्दाने केलेला आहे. फोटोत समोरचा माणूस जसा आहे तसा दिसतो आणि तो ओळखायला शिक्षण लागत नाही. एक्स-रे ही सावली असते. छातीतून किरण आरपार जातात, वाटेत जिथे अडतात तिथे फिल्म पांढरी राहते आणि जिथे सुटतात तिथे ती काळी होते. पण शब्द फोटोचा असल्यामुळे मोठा लिफाफा हातात आला की पहिल्यांदा तो खिडकीच्या उजेडात धरला जातो, मोबाइलवर टिपला जातो आणि डॉक्टरांकडे पोहोचण्याआधी घरच्या ग्रुपवर जाऊन बसतो. मग प्रश्न येतो, ‘उजवीकडे खाली पांढरं गोल काय आहे? टीबी की कॅन्सर?’ या प्रश्नाचं उत्तर नुसत्या त्या चित्रात नसतं. ते का नसतं आणि त्या चित्रातून तुम्हाला स्वतःला काय वाचता येतं, ते आज एकाच डागाच्या आधाराने पाहू.

साध्या एक्स-रेला ढोबळमानाने पाचच छटा कळतात. हवा सगळ्यात काळी, चरबी थोडी करडी, पाणी आणि मांस त्याहून पांढरं, हाड आणखी पांढरं, आणि धातू शुभ्र. फुप्फुस हवेने भरलेलं म्हणून काळं दिसतं, हृदय रक्तामांसाचं म्हणून पांढरट. आता खरी अडचण तिसऱ्या छटेत आहे. न्यूमोनियाचा पू, छातीत साठलेलं पाणी, फुप्फुसात झालेला रक्तस्राव, टीबीची सूज आणि कॅन्सरची गाठ या सगळ्यांची छटा जवळजवळ एकच. त्यामुळे पांढरा डाग एवढंच सांगतो की, ‘इथे हवा असायला हवी होती, तिच्या जागी किंवा तिच्या वाटेत काहीतरी घट्ट आहे.’ ते काय आहे हे छटा सांगत नाही. डागाची जागा, कडा, आकार यांवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. शिवाय छाती जाडीला वीतभर असली तरी फिल्म सपाट असते. कातडी, स्तन, पुढची बरगडी, फुप्फुस, मागची बरगडी हे सगळं एकावर एक पडून एकच सावली होते. डाग फुप्फुसावर दिसतो म्हणजे तो फुप्फुसातच आहे, असं धरता येत नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा, ५२ वर्षांचे गृहस्थ आहेत. खोकला नाही, ताप नाही, विडी-सिगारेट कधी ओढली नाही. नोकरीच्या ठिकाणच्या वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे काढला आणि अहवालात आलं, ‘उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात लहान गोलाकार छाया; लक्षणांशी पडताळून पाहावे.’ घरी चूल पेटली नाही अशी अवस्था. इथे डागाकडे बघण्याआधी काही गोष्टी बघायच्या असतात आणि त्या कोणालाही बघता येतात. फिल्मवर नाव, वय, तारीख तुमचीच आहे का? एकाच वेळी दहा जणांचे एक्स-रे निघतात तिथे लिफाफे बदलू शकतात. बाजू कुठली? फिल्म बघताना रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं समजायचं, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू येते. खात्रीसाठी फिल्मवर बाजू दाखवणारी खूण असते. हृदयाचं टोक रुग्णाच्या डावीकडे आणि उजव्या बाजूचा पडदा, म्हणजे छाती-पोटामधला स्नायू, यकृतामुळे किंचित वर, हे नेहमीचंच आहे. ‘एक बाजू वर सरकली आहे’ म्हणून घाबरण्याचं त्यात काही नसतं.

त्यानंतरचा प्रश्न, फिल्म काढली कशी? चांगला एक्स-रे उभ्याने, छाती फिल्मला टेकवून, सुमारे सहा फुटांवरून मागून किरण सोडून आणि पूर्ण श्वास आत घेऊन काढतात. रुग्ण खाटेवर असेल तर यंत्र त्याच्याजवळ नेऊन समोरून काढावा लागतो. अशा वेळी हृदय फिल्मपासून लांब आणि यंत्राच्या जवळ असतं, म्हणून त्याची सावली फुगते. हात दिव्याजवळ नेल्यावर भिंतीवरची त्याची सावली मोठी होते, तसंच. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी, हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण तो मोठ्या माणसाच्या, उभ्याने काढलेल्या फिल्मसाठी आहे. झोपून काढलेल्या फिल्मवर पट्टी लावून ‘हार्ट मोठं झालंय’ म्हणणं चूक. अर्धवट श्वासातही हीच फसगत होते. फुप्फुसं दबलेली राहतात, खालचा भाग पांढुरका दिसतो आणि हृदय आडवं पसरतं. पडद्याच्या वर मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या, तर श्वास पुरेसा होता असं समजायला हरकत नाही.

आपल्या गृहस्थांची फिल्म या सगळ्यात उत्तीर्ण झाली असं धरू. डाग मात्र आहेच. उजवीकडे खाली, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आसपास, वाटाण्याएवढा गोल. या जागी पहिला संशयित असतो स्तनाग्र. पुरुषाचंही असतं, आणि एका बाजूचं दिसून दुसऱ्या बाजूचं न दिसणं हेही घडतं. त्याचा निकाल लावायची युक्ती अगदी साधी आहे. दोन्ही स्तनाग्रांवर धातूची छोटी खूण चिकटवून एक्स-रे पुन्हा काढायचा. खूण आणि डाग एकाच जागी पडले तर प्रश्न मिटला. त्यासाठी दुसऱ्यांदा लागणारे किरण फार नसतात, कारण छातीच्या एका एक्स-रेतले किरण निसर्गातून आपल्याला साधारण दहा दिवसांत मिळतात तेवढेच. खूण एकीकडे आणि डाग दुसरीकडे पडला, तर पुढचा साक्षीदार म्हणजे जुना एक्स-रे. दोन वर्षांहून जुन्या फिल्मवर हाच डाग याच आकाराचा असेल, तर तो बहुधा जुन्या, भरून आलेल्या जखमेचा वण असतो. पूर्वीच्या टीबीचे असे चुना साठलेले, ठळक कडेचे ठिपके आपल्याकडे पुष्कळांच्या छातीत आयुष्यभर निमूट पडून असतात. जुनी फिल्म नसेल, किंवा डाग नवा, वाढलेला, कडा काटेरी असलेला असेल, तर सीटी स्कॅन लागतो आणि गरज पडली तर सुईने तुकडा तपासावा लागतो.

आता तोच डाग दुसऱ्या छातीत ठेवून पाहा. चार दिवस थंडी वाजून ताप, पिवळा बेडका आणि श्वास घेताना बाजूला कळ असेल, तर त्या पांढुरकेपणाचा अर्थ बहुधा न्यूमोनिया. उपचार सुरू होतात, माणूस आठवड्यात सुधारतो, पण फिल्म साफ व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून पन्नाशीपुढच्या व्यक्तीचा, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याचा, एक्स-रे साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा बघतात. आठव्या दिवशी काढून ‘डाग अजून आहेच’ म्हणून रडण्यात अर्थ नसतो. तिसऱ्या छातीत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन असेल, तर थुंकीची तपासणी आधी. एक्स-रे टीबीचा संशय घेऊ शकतो, जंतू दाखवू शकत नाही. ‘लक्षणांशी पडताळून पाहावे’ हे वाक्य अनेकांना अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. खरं तर अहवाल लिहिणाऱ्याने सावली पाहिली आहे, माणूस पाहिलेला नाही, आणि हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

‘पण डॉक्टरही चुकतात की!’ हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री गार्लंड यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की टीबीच्या सामूहिक तपासणीत अनुभवी तज्ज्ञांच्याही नजरेतून आजाराच्या खुणा असलेल्या सुमारे ३० टक्के फिल्म निसटत होत्या. तंत्र सुधारलं, पण बघणारा डोळा माणसाचाच आहे. मात्र यातून ‘मग आम्हीच वाचतो’ हा निष्कर्ष निघत नाही. जे रोज बघणाऱ्यालाही निसटतं, ते पहिल्यांदा बघणाऱ्याला जास्तच निसटणार. घरातलं वाचन दोन्हीकडे फसतं. बरगड्या एकमेकींना छेदतात तिथे डाग ‘दिसतो’, आणि हृदयामागे, गळपट्टीच्या हाडाखाली, पडद्याच्या घुमटामागे जे खरोखर लपलेलं असतं ते दिसत नाही. उभ्याने काढलेल्या फिल्मवर साधारण २०० मिली, म्हणजे पेलाभर पाणी साठेपर्यंत छातीचा खालचा कोपरा धारदारच दिसू शकतो. न्यूमोनियाच्या पहिल्या दिवशी फिल्म स्वच्छ असू शकते, दम्यात आणि हृदयविकाराच्या झटक्यातही. ‘फोटो क्लिअर आहे’ म्हणून लक्षणं अंगावर काढणं हे डागाला घाबरण्यापेक्षा जास्त महागात पडतं. तज्ज्ञाच्या चुकीवरचा उपाय म्हणजे जुन्या फिल्मशी तुलना आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत.

मग ओळखीच्या डॉक्टरांना मोबाइलवरचा फोटो पाठवला तर? ते तज्ज्ञ असले तरी त्यांच्या हाती काय पडतं ते पाहा. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मच्या मधोमध उजेडाचा पट्टा येतो, कडा अंधारात जातात आणि पाठवताना चित्र दाबलं गेल्यावर करड्या छटांमधले बारीक फरक पुसले जातात. न्यूमोनियाची फिकट छाया नेमकी त्याच फरकांत असते. उलट बोटाचा ठसा किंवा काचेतलं प्रतिबिंब डाग होऊन बसतं. सल्ला घ्यायचाच असेल, तर केंद्राकडून मूळ डिजिटल प्रत मागा, ती सीडीवर किंवा लिंकवर मिळू शकते. सोबत वय, लक्षणं किती दिवसांची, धूम्रपान, आधीचे आजार आणि जुना अहवाल द्या.

आपल्या शरीराचं चित्र समजून घेण्याचा हक्क रुग्णाचा आहेच. म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘फिल्म नीट निघाली आहे का? हा डाग जुन्या फिल्मवर होता का? आता पुढे कोणती तपासणी, आणि ती किती दिवसांत?’ दम लागणं, बेडक्यातून रक्त, छातीत दाब किंवा ओठ निळे पडणं यांपैकी काही असेल, तर फिल्म हातात घेऊन बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका. तारीख लिहून गादीखाली सपाट ठेवा. पुढच्या खेपेला डागाचा निकाल बहुधा त्या जुन्या फिल्मवरूनच लागेल.