पगार थांबला, की भलत्या खात्याकडे गेला?



जव्हारकडची एक आजी आता लालबागला नातवाकडे राहते. श्रावणबाळ योजनेचा महिन्याचा १५०० रुपयांचा पगार जवळच मिळावा, म्हणून नातवाने इथे नवे खाते उघडून दिले आणि गावाकडचे बंद केले. त्यानंतर पैसे आलेच नाहीत. “खातं उघडताना आधार दिलं होतं की!” असे तो म्हणाला. घोटाळा तिथेच होता.

खाते उघडताना दिलेले आधार ओळख पटवण्यासाठी असते. सरकारी पैसे मात्र आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि त्या क्रमांकापुढे एकाच बँकेची नोंद असते. शेवटची नोंद जिची, तिच्याकडे पैसे जातात. आजीच्या आधारपुढे अजून बंद केलेल्या खात्याचीच बँक होती, म्हणून रक्कम परत फिरत होती. याच्या उलटही घडते. कोणी भलाईने खाते काढून देतो, फॉर्मवर संमतीची खूण होते आणि पगार न सांगता तिकडे वळतो. तो बुडालेला नसतो, कोणी न उघडलेल्या पासबुकात पडून असतो.

म्हणून आधी तपासावे. myaadhaar.uidai.gov.in वर आधारला जोडलेल्या मोबाइलचा ओटीपी टाकून Bank Seeding Status उघडावे. तिथे बँकेचे नाव, नोंद चालू की बंद, आणि ती कधी झाली हे दिसते. खाते क्रमांक दिसत नाही. त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावे.

आजीसाठी आम्ही नव्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरला, त्यात जुन्या बँकेचे नाव लिहिले आणि पोच घेतली. काही दिवसांनी स्थिती पुन्हा पाहिली. नवी बँक दिसल्यावरच पुढचा अर्ज केला. तो लालबागला चालत नाही. मंजुरी जव्हारची, म्हणून अर्जही तिथल्या तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत. सोबत आधार, नवे पासबुक व मंजुरी आदेशाची प्रत जोडली आणि थकलेले महिने नावानिशी लिहिले. ते लिहून मागितलेले बरे.

तिथे दुसरी अडचण निघाली. यादीत सखूबाई, आधारवर सखू. आपल्या मंडळीत बाप्तिस्म्याचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव वेगळे असते, तिथेही हाच प्रकार होतो. अशा वेळी लोक धावत जाऊन आधार बदलतात. माझ्या मते ते शेवटी करावे, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि बदलले की बँकेशी जुळत नाही. बँक व आधार जुळत असतील, तर आधारची प्रत जोडून तहसीलच्या यादीतलेच नाव दुरुस्त करून घ्यावे. आजीचे तसेच केले.

एवढे होऊनही पैसे आले नाहीत, तर हयातीचा दाखला दिला आहे का ते शाखेत विचारावे. ते कारण वेगळे असते, आणि बँक बदलून सुटत नाही.