तंबोरा उसना चालेल, आवाज नाही

प्रश्न : आम्ही साताऱ्यातले चार मित्रमैत्रिणी दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म करतोय. वाईतली एक मुलगी आजोबांचा बिघडलेला तंबोरा दुरुस्त करून घ्यायला मिरजेला जाते, एवढीच गोष्ट आहे. शूटिंग दोन दिवसांचं, एक दिवस मेणवलीचा घाट आणि एक दिवस मिरज. कलाकार धरून नऊ माणसं, जमलेले पैसे ५०,०००. आमचा अंदाज असा : कॅमेरा आणि लेन्सचं भाडं १८,०००, लाइट ८,०००, ड्रोन ७,०००, प्रवास ६,०००, एडिटिंग ५,०००, जेवण ३,०००, पोस्टर २,०००, किरकोळ १,०००. काय कापावं आणि काय मागून आणावं?

उत्तर : तुमच्या यादीत काय जास्त आहे ते नंतर बघू. आधी काय नाही ते सांगतो. फिल्म तंबोऱ्याची आहे आणि आवाजासाठी यादीत एक रुपयाही नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये येईल तेवढं घ्यायचं, असं गृहीत धरलेलं दिसतं. तो माइक बोलणाऱ्यापासून सात-आठ फुटांवर असतो. त्यात संवादापेक्षा पंखा, रस्त्यावरची रिक्षा आणि कारखान्यातली ठोकाठोक जास्त स्पष्ट येते.

कुठल्याही खर्चापुढे मी एकच प्रश्न लिहितो : हे शूटिंगच्या दिवशी फसलं, तर नंतर दुरुस्त होईल का? प्रकाश थोडा कमी पडला तर रंग सुधारताना बराचसा सावरता येतो. साडीचा रंग जुळला नाही तर फ्रेम बदलता येते. पण कारागीर घोडीवर जवारी लावतोय आणि त्याच वेळी मुलीशी बोलतोय, तो आवाज खरखरीत आला तर काही करता येत नाही. त्याला पुन्हा स्टुडिओत बसवून डबिंग करायचं म्हटलं तरी, जो माणूस नट नाही, त्याच्याकडून ते बोलणं पुन्हा तसं येणार नाही. ज्याची दुरुस्ती नाही त्याला पैसे द्यायचे. बाकीचं मागून आणायचं किंवा जुळवून घ्यायचं.

म्हणून दोन दिवस स्वतःची साधनं घेऊन येणारा साउंड रेकॉर्डिस्ट ही पहिली ओळ. रोजचे ५,००० धरा, म्हणजे १०,०००. आपल्या भागातला नेमका दर फोन करून विचारा आणि भाव ठरवताना बूम, कॉलर माइक आणि रेकॉर्डर त्यात धरलेत का, हे स्पष्ट विचारा. नाहीतर साधनांचं भाडं वेगळं निघतं.

तंबोऱ्याची एक अडचण इथेच सांगायला हवी, कारण ती अनेकांना एडिटिंगला बसल्यावर कळते. तंबोरा अखंड वाजणारं वाद्य आहे. तो छेडत असताना दोघांचं बोलणं टिपलं आणि नंतर त्यातलं एक वाक्य कापलं, तर तंबोऱ्याची आसही तिथेच तुटते. प्रत्येक कटला गुंजन उडी मारतं आणि कान लगेच पकडतो. यावर उपाय फुकटचा आहे. संवादाच्या वेळी मुलीने तारांवर बोटं फिरवायची, पण तार वाजू द्यायची नाही. सगळं संपल्यावर, शक्यतो रात्री रस्ता शांत झाला की, पंखा आणि फ्रिज बंद करून त्याच खोलीत तंबोरा पाच मिनिटं सलग रेकॉर्ड करायचा. दुरुस्तीआधीचा बेसूर वेगळा आणि जवारी उघडल्यानंतरचा वेगळा. सगळ्या प्रसंगांत पट्टी एकच ठेवा. या दोन आवाजांवर तुमच्या गोष्टीचा शेवट उभा आहे. शिवाय प्रत्येक जागेची अर्धं मिनिट नुसती शांतता टिपून घ्या. संवादांच्या मधल्या फटी तिनेच भरतात. फ्रिज बंद केल्यावर गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही.

आता मेणवली. ‘स्वदेस’ (२००४) तिथे चित्रित झाला आणि तेव्हापासून तो घाट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. तुमचा मोह समजतो, तरी मी ते लोकेशन खोडेन. वाई ते मिरज दीडशे किलोमीटरच्या वर आहे. एका घाटासाठी नऊ माणसांचा प्रवास आणि एका रात्रीचा मुक्काम वाढतो, शिवाय जिथे वारंवार चित्रीकरणं होतात तिथे परवानगी आणि दर या गोष्टीही येतात. कृष्णा वाईहून वाहते तशी सांगलीहूनही वाहते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर घाट आहे, सांगलीतही नदीकाठी घाट आहेत. मुलगी वाईची आहे हे एका संवादातून आणि एसटीच्या पाटीतून कळतं. हरिपूरला मंदिराच्या विश्वस्तांना आणि ग्रामपंचायतीला आधी जाऊन भेटा, लेखी परवानगी घ्या. पावसाळा टाळा. कृष्णेला पाणी चढलं की घाटाच्या पायऱ्याच दिसत नाहीत.

दोन्ही दिवस मिरज-सांगलीत झाले की साताऱ्याच्या चौघांनी रेल्वेने यायचं. सातारा स्टेशन पुणे-मिरज मार्गावरच आहे. प्रवासाचे ६,००० मग ४,५०० वर येतात, तेही स्थानिक गाडीसकट. मुक्काम कुणा नातेवाइकाकडे. हे मागताना संकोच नको, पण चार गाद्या आहेत का आणि सकाळी सहाला बाहेर पडलेलं चालेल का, हे आधी विचारा.

लाइटचे ८,००० मी पूर्ण काढतो. मिरजेतल्या वाद्यांच्या कारखान्यांना दार-खिडक्यांचा भरपूर उजेड असतो, कारण कारागिराला तो लागतोच. सकाळी साडेआठ ते अकरा या वेळात खिडकी एका बाजूला घ्या आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. आतली ट्यूबलाइट बंद ठेवा, नाहीतर चेहऱ्याचा एक गाल निळसर आणि दुसरा हिरवट दिसतो. फाळक्यांच्या काळात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई प्रकाश परतवायला पांढऱ्या चादरी धरत आणि युनिटचा स्वयंपाकही बघत. त्याच फाळक्यांनी कॅमेरा मात्र थेट इंग्लंडहून विकत आणला होता, कारण तो घरात बनत नव्हता. मागून आणायचं आणि विकत घ्यायचं यातली रेषा त्यांनी तेव्हाही याच जागी ओढली.

तुमच्या बाबतीत कॅमेऱ्याचे १८,०००ही जास्त आहेत. स्वतःचा कॅमेरा असलेला, लग्नांचं शूटिंग करणारा कुणीतरी तुमच्या ओळखीत असणारच. लग्नसराई सोडून तारीख घ्या आणि माणूस-कॅमेरा मिळून रोजचे ४,००० ठरवा, दोन दिवसांचे ८,०००. त्याला लेन्स बदलत राहायची सवय असेल तर आधीच सांगा की ही फिल्म दोनच लेन्सवर होणार आहे. ड्रोनचे ७,००० गेले. या गोष्टीत आकाशातून बघण्यासारखं काही नाही.

तंबोरा उसना आणा, पण दोन आणा. भोपळा फुटला की दुरुस्तीचा खर्च तुमच्या सगळ्या किरकोळ रकमेपेक्षा मोठा असू शकतो. मुलगी ज्याला घेऊन रेल्वेत बसते, पायऱ्या चढते, तो कारखान्यात पडून असलेला, न वाजणारा जुना तंबोरा असू दे. चांगलं वाद्य फक्त वाजवायच्या प्रसंगात, आणि त्याची ने-आण मालकाच्याच माणसाने करायची.

कारखाना फुकट मिळेल. मिरजेतले कारागीर आपल्या कामाबद्दल अभिमानाने बोलतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तर जास्तच. पण जागा फुकट म्हणजे दिवस फुकट नाही. तुम्ही आत असता तेव्हा रंधा चालत नाही, पॉलिश होत नाही. त्या दिवसाच्या मजुरीचे ३,००० मी यादीत घालतो आणि ते शूटिंग सुरू होण्याआधी हातात द्यायला सांगतो. हे न केल्यास दुपारी दोन वाजता कुणाचं तरी तातडीचं काम निघतं आणि तुमचा प्रसंग अर्धा राहतो.

जेवणाचे ३,००० कमी आहेत. माणशी रोजचे ३०० धरले तर नऊ जणांचे दोन दिवसांचे ५,४०० होतात. जेवण उशिरा आलं की संध्याकाळचे शॉट घाईत उरकले जातात, म्हणून इथे काटकसर करू नका. घरून डबे आणायचे असतील तर करणाऱ्या काकूंना शिधा तुम्ही द्या. दोन मुख्य कलाकारांचं मानधन मिळून ५,०००, एडिटिंग ५,०००, शेवटी स्टुडिओत आवाजाची जुळणी ४,०००. हार्ड डिस्क विकत नको. मित्रांच्या दोन आणा, दोन्हींवर त्याच रात्री प्रत घ्या आणि प्रत उघडून, क्लिप चालवून बघितल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसू नका. दोन्ही डिस्क एकाच पिशवीत ठेवू नका.

बेरीज करा : १०,०००, ८,०००, ५,४००, ४,५००, ३,०००, ५,०००, ५,००० आणि ४,०००. एकूण ४४,९००. उरलेल्या ५,१०० ना शूटिंग संपेपर्यंत हात लावायचा नाही. एडिटिंगला बसल्यावर हमखास एखादा शॉट कमी पडतो आणि अर्ध्या दिवसासाठी पुन्हा मिरजेला जावं लागतं. पोस्टर नंतरही होतं.

संगीताचं तुम्ही लिहिलं नाही, पण जुन्या नाट्यगीताची रेकॉर्ड लावायचा विचार मनात असणार. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि शब्द-संगीताचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड जुनी असली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही. सोपी वाट आहे : नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचेच, १९१६ साली वारले. त्यांचे शब्द कधीच मोकळे झालेत. सांगली-मिरजेत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीकडून त्यांचं पद पारंपरिक चालीत नव्याने गाऊन घ्या आणि तिची लेखी संमती ठेवा. अलीकडच्या कुणा संगीतकाराने बदललेली चाल मात्र वापरू नका.

प्रश्न : साताऱ्यात आमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ करायचाय, खर्च १०,००० च्या आत. आम्हीही आवाजावरच पैसे घालायचे का?

उत्तर : नाही. तुमचा हिशेब उलटा आहे. असा व्हिडिओ बहुतेक लोक फोनवर आवाज बंद ठेवून बघतात. म्हणून शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात हवेत आणि पेढा दिसायला हवा. कंदी पेढ्याचा खवा परतून तपकिरी झालेला असतो. समोरून उजेड टाकला तर तो नुसता काळपट गोळा दिसतो. दिवा मागून, किंचित वरून ठेवा. मग कढईतली वाफ दिसते आणि पेढ्याच्या कडेला तुपाची चमक येते. त्यामुळे भाड्याने आणायच्या तर दोन एलईडी लाइट आणा, चांगला फोन घरचाच चालेल. खवा परतायला घ्यायच्या आधी सगळं मांडून ठेवा, कारण कढई तुमच्यासाठी थांबणार नाही. उभा व्हिडिओ करा. निवेदन हवंच असेल तर बंद कपाटातल्या कपड्यांसमोर बसून फोनवर रेकॉर्ड करा, कपडे घुमारा शोषून घेतात. आणि दुकानात गिऱ्हाईक दिसणार असेल तर त्याला आधी विचारा, शक्यतो घरच्याच माणसांना गिऱ्हाईक म्हणून उभं करा.