मागणी-पुरवठ्याची आकृती : रेषा सरकली की आपण रेषेवरून सरकलो?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्राच्या ज्या स्लाइड्स मिळतात, त्यात एक आकृती हमखास असते. फुलीसारख्या दोन रेषा, शेजारी तुटक तिसरी रेषा, आणि D, S, S1 अशी अक्षरं. मुलं ती पाठ करतात. पण "आता कांद्याचं सांग बरं" म्हटलं की गाडी अडते. म्हणून आज कांदाच घेऊ.

आधी अक्ष बघा. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, पुरवठ्याची चढते. आता समजा एका बाजारात भाव किलोला २० रुपये असेल तर १०० क्विंटल कांदा मागितला जातो, ३० ला ८०, ४० ला ६०. विकणारे २० ला ६० क्विंटल आणतात, ३० ला ८०, ४० ला १००. हे आकडे मी सोयीसाठी घेतलेत. दोन्ही रेषा ३० रुपये आणि ८० क्विंटल इथे छेदतात. तोच समतोल.

आता अवकाळी पाऊस आला, शेतातला माल सडला. समजा प्रत्येक भावाला पूर्वीपेक्षा ४० क्विंटल कमी येतात. म्हणजे २० ला २०, ३० ला ४०, ४० ला ६०. हे बिंदू जोडले की S1 तयार होते, आणि ती जुन्या रेषेच्या डावीकडे पडते. "प्रत्येक भावाला" हे दोन शब्द मुलाकडून म्हणवून घ्याच, कारण सगळी आकृती त्यांच्यावर उभी आहे.

जुन्या ३० च्या भावाला आता ८० हवेत आणि येतात ४०. तुटवडा पडतो, भाव चढतो. चढत्या भावाबरोबर काही गिऱ्हाईकं हात आखडतात, आणि काही विकणारे चाळीतला माल बाहेर काढतात. ४० रुपयांना दोन्हीकडे ६० क्विंटल होतात. नवा समतोल तिथे.

मागणीची रेषा मात्र जागची हललेली नाही हे पाहिलंत ना? मागणी ८० वरून ६० झाली ती त्याच रेषेवरून वर सरकून. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हा मागणीचा संकोच, ऱ्हास नव्हे. मुलं इथेच म्हणतात, "भाव वाढला, मग मागणी कमी झाली, म्हणजे D पण डावीकडे, म्हणजे भाव परत उतरणार." हे चक्र मग थांबतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे: कारण जर त्याच वस्तूची किंमत असेल तर रेषेवरून चालायचं, पाऊस, उत्पन्न, आवड, सरकारी बंदी असं बाहेरचं काही असेल तरच रेषा हलवायची.

दुसरी गंमत "वर-खाली" या शब्दांची. पुरवठा घटला तरी S1 कागदावर वर गेल्यासारखी दिसते, म्हणून मुलं "पुरवठा वाढला" लिहून मोकळी होतात. यासाठी मी वर-खाली म्हणूच देत नाही. फक्त डावीकडे म्हणजे कमी, उजवीकडे म्हणजे जास्त.

आता पुढची पायरी, जी स्लाइडवर बहुधा घाईत उरकतात. २९ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. परदेशी गिऱ्हाईक गेलं, म्हणजे मागणीचीच रेषा डावीकडे. आपल्या उदाहरणात प्रत्येक भावाला ४० क्विंटल मागणी कमी झाली असं धरा: ३० ला ८० ऐवजी ४०, ४० ला ६० ऐवजी २०. S1 शी ती कुठे छेदते? ३० रुपये, ४० क्विंटल. भाव पुन्हा पहिल्याइतकाच! नुसता भाव बघणारा म्हणेल, काही झालंच नाही. पण विक्री ८० वरून ४० वर आली, म्हणजे शेतकऱ्यांच्या हातात येणारी रक्कम निम्मी झाली. ग्राहकाला दिलासा आणि उत्पादकाला फटका, दोन्ही एकाच आकृतीत दिसतात.

दोन्ही रेषा डावीकडे गेल्या की नग घटणार हे नक्की. भाव मात्र वाढेल, उतरेल की तसाच राहील हे कोणती रेषा जास्त सरकली यावर ठरतं. परीक्षेत त्यासाठी आकडे दिले नसतील तर "भावाबद्दल सांगता येत नाही" हेच बरोबर उत्तर, आणि ते लिहायला मुलं फार घाबरतात.

प्रत्यक्षात काय झालं? बंदी असूनही त्या डिसेंबरात अनेक शहरांत कांदा किलोला शंभरीपार गेला. बंदी लागली म्हणजे भाव उतरायलाच हवा, असं वाटणाऱ्याला हे कोडं पडतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने खरिपाच्या पिकाचं मोठं नुकसान केलं होतं. पुरवठ्याची रेषा आणखी डावीकडे गेली, आणि मागणीची तेवढी गेली नाही. मुलाला वहीत तिसरी पुरवठा रेषा, S2, काढायला सांगा. किती डावीकडे काढली की भाव ३० च्या वर जातो, ते त्याचं त्यालाच पट्टीने शोधू दे.