डिकीतलं पाणी

हे बघ, कोयलीची रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली तेव्हापासून इथे गाड्या वाढत गेल्या, पण शेड थोड्यांनाच मिळाली. बाकीच्यांच्या गाड्या गुलमोहराखाली. म्हणून पावसानंतर स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात हात घालायची सवय ठेव. पाणी लागलं, तर ते जिथे साचलंय तिथूनच आलंय असं समजू नकोस. पत्र्याच्या आतून आणि वायरीवरून ते दूरवर सरकतं.

सामान आणि अस्तर काढ, सगळं कोरडं पूस, आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुर. मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. सीट पाडलेलीच राहू दे, म्हणजे बाहेर यायला वाट राहते. दुसऱ्याने पाइपाने जोर न लावता पाणी सोडायचं, आणि खालून वर जायचं. आधी मागचा दिवा, मग झाकणाच्या कडेची पन्हळ. वरून सुरुवात केलीस तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. पावडरीत ओघळ उमटला की तिथून वर माग काढ.

शेजारच्यांच्या सेडानमध्ये डावीकडे पाणी साचायचं. दिव्यावर पाणी सोडताच बोल्टाशेजारून ओघळ आला. दिवा आणि पत्रा यांच्यामधलं फोमचं गॅस्केट चपटं होऊन कडक झालं होतं. (दिव्याच्या काचेच्या आत धुकं धरतं ते वेगळं. तो दिव्याच्याच सांध्याचा दोष.) नवीन गॅस्केट बसवलं, नट आलटून पालटून, बेतानेच आवळले, कारण प्लास्टिक तडकतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे फासू नकोस, त्याने पत्रा गंजतो.

तरी पुढच्या पावसात ओल आलीच. झाकणाच्या कडेची पन्हळ गुलमोहराच्या बारीक पानांनी आणि चिखलाने गच्च भरली होती. पन्हळ वाहती असती, तर बिजागरीजवळ तडकलेल्या रबरापर्यंत पाणी चढलंच नसतं. रबर शाबूत असतं, तर तुंबलेलं पाणीही आत आलं नसतं. दोन्ही एकदम बिघडलं, म्हणून गळती. पन्हळ मऊ ब्रशने साफ कर, तार घालू नकोस, रंग खरवडला की गंज धरतो. मग वरून पाणी ओत, ते बंपरच्या बाजूने मोकळं पडायला हवं.

रबर तपासायला कागदाची पट्टी ठेवून झाकण लाव आणि ओढ. अलगद सुटली तर तिथे पकड नाही. तडकलेलं रबर चिकटवणं ही आठवडाभराची सोय, शेवटी पूर्ण रबर बदलावंच लागतं. नवीन बसवताना ताणू नकोस, ताणलेलं आखडतं आणि सांध्यात फट पडते. सांधा खाली, कुलपाशी येऊ दे.

खड्ड्यातलं रबरी बूच मात्र काढून टाकू नकोस, रस्त्यावरचं पाणी तिथूनच वर येईल. आणि विश्वामित्री नदीच्या पुरात गाडी बुडाली असेल, तर यातलं काहीच लागू नाही. तेव्हा चावी फिरवायची नाही, गाडी ओढूनच न्यायची.