वेदनेचा नकाशा

कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेचे मूळ शोधताना रुग्णाच्या हाती शरीराची पुढील व मागील बाजू दाखविणारी रेखाकृती देतात. तपासणीपूर्वी त्याने स्वतःच तीत वेदनेची जागा तिरप्या रेषांनी आणि बधिरतेची ठिपक्यांनी भरावयाची असते.

समजा, एका रुग्णाच्या रेषा नितंबापासून पायाच्या बाहेरील अंगाने पावलाच्या वरच्या भागावर उतरल्या आहेत आणि ठिपके अंगठ्याशी आहेत. हे क्षेत्र कमरेच्या पाचव्या मज्जामुळाचे होय. खुणा पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरील कडेने करंगळीकडे गेल्या असत्या, तर त्याखालील, म्हणजे त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाचा संशय आला असता.

परंतु शेजारच्या मुळांची त्वचाक्षेत्रे एकमेकांवर चढलेली असतात आणि वेदना पुष्कळदा त्यांच्या सीमा ओलांडते. म्हणून नकाशा ताडून पाहावा लागतो. अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी झाली असेल, तर पहिल्या निष्कर्षास पुष्टी मिळते. टाचेच्या स्नायुबंधावर हातोडी मारल्यावर पाऊल नीट हलले नाही, तर दुसऱ्यास.

ठिपके जननेंद्रिय व गुदद्वार यांभोवती आढळले आणि लघवीही अडली असेल, तर मात्र रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. विलंबाने हानी कायमची होऊ शकते.